मदतवाहिनीचे अंदाजपत्रक : खर्च टेलिफोनचा नव्हे, माणसांचा

मीरा-भाईंदर महानगरपालिकेने मानसिक आरोग्यासाठी मदतवाहिनी सुरू करावी, ही मागणी रास्त आहे. परंतु ‘मदतवाहिनी हवी’ एवढे लिहून निवेदन दिले, तर प्रशासन एक दूरध्वनी क्रमांक जाहीर करील, काम निविदेने कंत्राटदाराकडे सोपवील आणि मागणी पूर्ण झाली असे सांगेल. म्हणून कार्यकर्त्यांनी अंदाजपत्रकच हाती घेऊन जावे.

प्रथम एक आक्षेप विचारात घेऊ. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून 14416 या क्रमांकावर चालू आहे. मग शहराची निराळी कशाला? याचे उत्तर असे की, दूरवरचा समुपदेशक धीर देऊ शकतो. पण भाईंदर पूर्वेच्या स्टील कारखान्यातील कामगाराला दुसऱ्या दिवशी कोणत्या दवाखान्यात जावे, तेथे कोणाला भेटावे, हे गावातला माणूसच सांगू शकतो. शिवाय येथे मराठीइतकीच हिंदी आणि गुजराती लागते. दोन्ही सेवा परस्परपूरक ठराव्यात.

आता हिशेब. येथील नोकरदार लोकलने रात्री उशिरा घरी पोहोचतो, आणि एका खोलीच्या घरात मनातले बोलायला इतरांची निजानीज व्हावी लागते. म्हणून दहा ते पाचची कचेरी निरुपयोगी आहे. दुपारी 12 ते रात्री 12 ही वेळ धरू. उरलेल्या वेळी 14416 कडे जोडून द्यावे. एकच वाहिनी ठेवली, तर पाऊण तासाचे एक संभाषण चालू असताना दुसऱ्या व्याकुळ माणसाला ‘व्यस्त’ असा सूर ऐकू येईल. म्हणून किमान दोन वाहिन्या हव्यात. वर्षाचे तास झाले 8,760.

समुपदेशक वर्षातून किती तास फोनवर बसू शकतो? साप्ताहिक दोन सुट्ट्या, सण व रजा वजा जाता कामाचे दिवस 225 उरतात. आठ तासांच्या पाळीपैकी दोन तास नोंदी, विश्रांती व चर्चेत जातात आणि जायलाच हवेत. उरले 1,350 तास. म्हणजे दोन खुर्च्यांसाठी चार नव्हे, सात माणसे लागतात. चारच नेमली, तर रजा बुडते, विश्रांती बुडते आणि वर्षभरात माणसे सोडून जातात. मग त्यांच्यावर केलेला प्रशिक्षणाचा खर्चही वाया जातो.

दरमहा 35,000 रुपये वेतन धरले, तर सात समुपदेशकांचे वर्षाला 29.40 लाख होतात. 60,000 रुपयांवर एक अनुभवी पर्यवेक्षक, 7.20 लाख. भविष्यनिर्वाह निधी आदी देणी 4.50 लाख. फोन सुरू होण्यापूर्वीचे महिन्याचे प्रशिक्षण, त्या महिन्याच्या वेतनासह, 4 लाख. मनोविकारतज्ज्ञाचा सल्ला 1.20 लाख. वाहिन्या, संगणक व कानाला लावायची यंत्रे 2.50 लाख. पालिकेच्याच इमारतीतील खोलीची डागडुजी व वीज 2 लाख. एकूण 50.80 लाख. 2011 च्या जनगणनेप्रमाणे शहराची लोकसंख्या सुमारे 8.09 लाख होती. म्हणजे माणशी वर्षाला सव्वासहा रुपये. यात टेलिफोन व यंत्रांचा वाटा शेकडा पाच, तर माणसांच्या वेतनाचा व देण्यांचा सुमारे ऐंशी. काटकसरीची कात्री अर्थातच या ऐंशीवर चालवली जाते.

ती पहिल्यांदा पर्यवेक्षकावर चालते, कारण तो फोन उचलताना दिसत नाही. परंतु मानसशास्त्राची पदवी घेतलेल्या तरुणीलाही ‘आत्महत्येचा विचार येतो का, साधन हाताशी आहे का, घरात कोण आहे’ हे सरळ विचारायला शिकावे लागते. 112 ला केव्हा कळवायचे, ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाकडे केव्हा पाठवायचे, हा निर्णय तिने एकटीने घ्यायचा नसतो. आणि बोलता बोलता तुटलेला फोन ती घरी बरोबर घेऊन जाते. दर आठवड्याला तिच्या संभाषणांचा आढावा घेणारे कोणी नसेल, तर ती कोरडी होत जाते. याची खूण नोंदवहीत सापडते : संभाषणे आखूड होत जातात आणि सर्व नोंदी एकाच साच्यातल्या दिसू लागतात.

दुसरी कात्री म्हणजे ‘प्रति फोन दर’ ठरवणारे कंत्राट. फोनागणिक पैसे मिळत असतील, तर रडणाऱ्या माणसाला तासभर वेळ देणे हा कंत्राटदाराचा तोटाच ठरतो. अहवालात ‘आलेले फोन’ हा आकडा मोठा दिसेल; आपण मात्र न उचललेले फोन किती आणि उचलायला किती वेळ लागला, हे मागावे.

स्वयंसेवकांच्या बळावर चाललेल्या सेवा जगात आहेत. लंडनमधील ‘समॅरिटन्स’ ही 1953 पासूनची. तिच्याविषयी आम्हाला आदर आहे. पण स्वयंसेवकालाही प्रशिक्षण व देखरेख लागतेच. आणि पालिकेने ज्याला पाळीचे बंधन घालून राबवायचे, त्याला ‘मानधन’ नव्हे, वेतन दिले पाहिजे. ज्याची स्वतःची नोकरी अकरा महिन्यांच्या करारावर लोंबकळत आहे, त्याने दुसऱ्याच्या बेकारीचे दुःख रात्री अकराला शांतपणे ऐकावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

तेव्हा साथींनी तीन गोष्टींवर अडून बसावे : सात पदे, एक पर्यवेक्षक आणि फोन सुरू होण्यापूर्वी एक महिन्याचे सवेतन प्रशिक्षण. पैसे खरोखरच कमी पडले, तर वेळ बारा तासांवरून आठ करावी. पगार आणि देखरेख कापू नये. आठ तास नीट चालणाऱ्या वाहिनीचे पुढे बारा तास करता येतात. पण ज्या क्रमांकावर फोन करून एकदा कोणी उचलला नाही, तो क्रमांक माणूस दुसऱ्यांदा फिरवत नाही.