बाकी सगळे तसेच ठेव

आमच्या मामेबहिणीच्या लग्नातला एक ग्रुप फोटो आहे. चौदा माणसं, दोन रांगा, मधोमध खुर्चीवर आजी. आणि आजीच्या शेजारी आमचा मामेभाऊ, भडक केशरी टी-शर्टात! साहेब रात्रभर बसमध्ये होते, बॅग डिकीत राहिली, आणि फोटोग्राफर काही थांबायला तयार नव्हता. झालं.

काही महिन्यांनी आजी गेली. तिचा सगळ्यांसोबतचा शेवटचा फोटो हाच. मामीला तो मोठा करून भिंतीवर लावायचा होता. तिचा फोन आला, "अरे, तू कॉम्प्युटरवाला ना? त्याचं ते केशरी ध्यान तेवढं बदल. पांढरा झब्बा घाल त्याला. बाकी सगळे तसेच ठेव हं."

मी ते वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत करून एका एआय टूलच्या चौकटीत टाकलं. वीस सेकंदांत झब्बा हजर. काय सुंदर झब्बा! बाह्यांना चुण्या, गळ्याला बारीक नक्षी. मी खूश होऊन फोटो पाठवून दिला.

मामीचा फोन दुसऱ्या दिवशी. "झब्बा छान आहे रे. पण आईच्या हनुवटीवरचं गोंदण कुठे गेलं?"

मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले आणि मोठे करून पाहिले. गोंदण गेलं होतं. डावी पापणी थोडी खाली ओघळायची, ती सरळ झाली होती. आजीसारखीच दिसणारी कुणीतरी दुसरी बाई त्या खुर्चीत बसली होती. आणि ती एक दिवस भिंतीवर राहिली असती, तर पुढच्या पिढीसाठी तीच आजी झाली असती.

म्हणून हा लेख. माझं म्हणणं सरळ आहे: "बाकी सगळे तसेच ठेव" ही सूचना म्हणून लिहायची गोष्ट नाही. ती आपण स्वतः करायची आणि मग तपासायची गोष्ट आहे. जो कुणी म्हणतो की टूलला नीट शब्दांत सांगितलं की बास, तो एक तर फोटो मोठा करून पाहत नाही किंवा त्यातली माणसं त्याच्या ओळखीची नसतात.

आता हे होतं कसं, ते बघू. आपल्याला वाटतं, टूल टी-शर्टाची जागा शोधतं आणि तेवढंच रंगवतं. तसं नसतं. नुसती शब्दांची सूचना घेणारी बरीच मॉडेल्स अख्खा फोटो नव्याने काढतात, जुन्याकडे बघत बघत. आणि तो जुना फोटोही ती आहे तसा बघत नाहीत, आधी त्याचा सारांश करतात. २०२२ साली आलेल्या स्टेबल डिफ्युजनचं उदाहरण घ्या. त्यात ८ बाय ८ पिक्सेलच्या प्रत्येक चौकोनाच्या जागी फक्त चार आकडे उरतात. ६४ पिक्सेल, प्रत्येकाचे लाल-हिरवा-निळा असे तीन, म्हणजे १९२ आकड्यांचे झाले चार. ४८ पट कमी. मॉडेल काम करतं ते या सारांशावर, आणि शेवटी त्यावरून पुन्हा फोटो उभा करतं.

आता आजीचा हिशोब करू. मूळ फोटो ४००० बाय ३०००, त्यात आजीचा चेहरा साधारण २०० पिक्सेल रुंद. टूलने परत दिलेला फोटो १२०० बाय ९००. म्हणजे चेहरा उरला ६० पिक्सेल. त्याचे ८-८ चे खण पाडले तर आडवे जेमतेम साडेसात खण! गोंदणाचा ठिपका मुळात १० पिक्सेलचा, लहान झाल्यावर ३ पिक्सेल, म्हणजे एका खणाच्या अर्ध्याहूनही कमी रुंद. तो सारांशात टिकणार कसा? मग मॉडेल रिकामी जागा भरतं. कशाने? त्याने पाहिलेल्या हजारो म्हाताऱ्या बायकांच्या हनुवट्यांनी. आणि त्यातल्या बहुतेकींना गोंदण नसतं.

म्हणजे जे वेगळं, जे फक्त त्या माणसाचं, तेच आधी जातं. तीळ, व्रण, ओघळलेली पापणी, किंचित वाकडा दात. ग्रुप फोटोत चेहरे लहान असतात, म्हणून मार तिथे सगळ्यात जास्त बसतो. आणि गंमत अशी, की निकाल "खराब" दिसत नाही. फोटो फाटला असता, सहा बोटं आली असती, तर मी पाठवलाच नसता. तो छान दिसला, म्हणून पाठवला.

"मग ब्रशने जागा रंगवून देता येते की," असं ऑफिसातला एक मित्र म्हणाला. येते. काही टूल्स रंगवलेल्या जागेबाहेरचे मूळ पिक्सेल प्रामाणिकपणे परत चिकटवतात. पण काहींत ते रंगवणं म्हणजेही नुसती सूचनाच असते, आणि बाहेरचा भागही त्या सारांशाच्या चाळणीतून जाऊन येतो. बाहेरून बघून दोन्हींतला फरक कळत नाही. म्हणून चिकटवायचं काम आपणच करायचं. त्यात नवं काही नाही. फोटोशॉपमध्ये लेअर १९९४ सालापासून आहेत.

मी दुसऱ्यांदा केलं ते असं. आधी मूळ फोटो पीएनजी करून घेतला. मग अख्खा फोटो टूलला दिलाच नाही. भावाभोवतीचा १०२४ बाय १०२४ चा तुकडा कापला आणि तेवढाच दिला. दोन फायदे: तुकडा लहान करावा लागत नाही, आणि आजीचा चेहरा तुकड्यात नसेल तर तो बिघडवणार कोण? टूलने त्याच मापाचा तुकडा परत दिला. मग एक मास्क काढला: झब्बा असेल तिथे पांढरं, बाकी सगळं काळं. पांढरं तिथे नवा तुकडा, काळं तिथे जुना. इमेजमॅजिकमध्ये हे असं:

```
magick original.jpg -auto-orient original.png
magick original.png -crop 1024x1024+1480+900 +repage crop.png
magick crop.png edit.png mask.png -composite patch.png
magick original.png patch.png -geometry +1480+900 -composite final.png
```

मास्क मात्र हातानेच नीट काढावा लागतो. भावाच्या खांद्यावर आत्याचा हात होता, टूलने तिच्या पाटल्यांची संख्या बदलली होती. तो हात मास्कमध्ये काळा केला, पाटल्या परत आल्या. कडा मऊ करायची ती झब्ब्याच्या आतल्या बाजूला, दोन-तीन पिक्सेल. बाहेर पसरवली तर शेजाऱ्याची साडी पुसट होते. झब्ब्यावर थोडा दाणा घालावा लागतो, नाहीतर तो बाकी फोटोपेक्षा गुळगुळीत दिसतो.

आणि आता महत्त्वाचं, तपासणी:

```
magick compare -metric AE original.png final.png diff.png
```

ही कमांड किती पिक्सेल वेगळे आहेत ते मोजते आणि `diff.png` मध्ये ते लाल करून दाखवते. टूलचा पहिला फोटो मूळ मापाला ताणून असाच तपासला, तर एक कोटी वीस लाखांपैकी जवळजवळ सगळा फोटो लाल! या वेळी साधारण एक लाख साठ हजार, आणि लाल फक्त झब्बा. आजीचा एक पिक्सेलही नाही. "तसेच ठेव" याचा अर्थ मला हा वाटतो. डोळ्यांना वाटणं नव्हे, मोजल्यावर शून्य येणं.

आता तुम्ही म्हणाल, शेवटी जेपीईजी केलं की सगळं बदलतंच की! बरोबर आहे. जेपीईजीत पुन्हा सेव्ह केलं की जवळपास सगळीकडे पिक्सेल थोडे हलतात, तपासणी पुन्हा लाल होते. म्हणून तपासणी पीएनजीवर, आणि छापायलाही पीएनजीच. पण दोन्ही बदलांना एकाच मापात तोलू नका. जेपीईजी आजीच्या चेहऱ्यावर थोडं धुकं आणतं. मॉडेल चेहरा बदलतं. धुक्यामागे माणूस तोच असतो.

"अहो, मोबाइलचा कॅमेराही चेहरे गुळगुळीत करतोच," हाही युक्तिवाद ऐकला. करतो. पण ते फोटो काढताना, समोर बसलेल्या माणसावरून. आजी समोर नसताना तिचा चेहरा पुन्हा काढायचा अधिकार त्यातून कुणाला मिळतो, हे मला अजून समजलेलं नाही.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत, त्या लपवत नाही. नवा कपडा जुन्यापेक्षा घेरदार हवा. झब्बा सैल होता म्हणून तो शेजारच्या साडीची बोटभर कड झाकून गेला, ते चालतं. पण कपडा अंगाबरोबर बसणारा असता, तर टी-शर्टामागची जागा उघडी पडली असती, आणि तिथली साडी कुणीच पाहिलेली नाही. ती बनवावीच लागते. तिथे "तसेच" हा शब्द संपतो. म्हणून घट्ट शर्टाची फर्माईश आली तर मी नाही म्हणेन.

दुसरी मर्यादा प्रकाशाची. त्या भडक टी-शर्टाची केशरी झाक आजीच्या पांढऱ्या पदरावर पडली होती. टी-शर्ट गेला, झाक राहिली. नीट बघणाऱ्याला कळेल, की इथे पूर्वी काहीतरी केशरी होतं. मित्र म्हणाला, तेवढं दुरुस्त कर, खरं दिसेल. मी नाही केलं. खरं दिसण्यासाठी आजीला हात लावायचा नाही, हाच तर मुद्दा होता.

फोटो आता मामीच्या हॉलमध्ये आहे. येणारे-जाणारे झब्ब्याचं कौतुक करतात. मामी मात्र फ्रेम आली त्या दिवशी चष्मा लावून फक्त हनुवटी बघत होती. "आहे," म्हणाली, आणि आत चहा टाकायला गेली.