ताबा पावतीवर सही करायच्या आधी बाथरूममध्ये पाणी भरा!

अक्षय तृतीया जवळ आली की आपल्या अमरावती-अकोल्यात नव्या फ्लॅटच्या चाव्या वाटण्याची घाई सुरू होते. मुहूर्त चांगला, पोरांच्या शाळेला सुट्या, पाहुणे घरीच. पण कोणी म्हणत नाही की हा काळ बिल्डरच्याच सोयीचा आहे. मे महिन्यात ४५ डिग्रीत भिंती खडखडीत कोरड्या असतात. गळती दिसणार कुठून? ती दिसते जुलैत, तोपर्यंत तुमची सही होऊन गेलेली असते.

मागच्या वर्षी अकोल्यात एका रिटायर्ड गुरुजींसोबत मी त्यांचा फ्लॅट पाहायला गेलो. दुसरा मजला, रंग चकाचक. बिल्डरच्या माणसानं आल्याआल्याच कागद पुढे केला. त्यावर छापलेलं होतं, "सदनिका सुस्थितीत मिळाली, माझी कोणतीही तक्रार नाही." गुरुजींनी पेन काढला. मी म्हटलं, "सर, एक दिवस थांबा." तो माणूस हसला, "काऊन टेन्शन घेता भाऊ, काही निघालं तं करून देऊ नं!"

आम्ही बाथरूमच्या न्हाणी ट्रॅपमध्ये फडकं घट्ट कोंबलं आणि फरशीवर इंचभर पाणी भरलं. भिंतीवर पाण्याच्या पातळीची पेन्सिलीनं खूण केली. बाजूच्या खोलीत एका परातीतही पाणी ठेवलं, कारण आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी नुसतंच उडून जातं. परातीतलं जेवढं कमी होईल तेवढं उन्हाचं, त्याहून जास्त कमी झालं तर ते कुठंतरी मुरतंय.

२४ तासांनी परातीतलं जेमतेम थोडंसं कमी झालं होतं, बाथरूममधलं अर्धं गेलं होतं. खालचा फ्लॅट रिकामाच होता, म्हणून त्याचं छत पाहता आलं. पाइप जिथून खाली उतरतो त्याच्याभोवती ताटाएवढा ओला डाग! खालच्यांनी पीओपी करून घेतलं असतं तर हा डाग कित्येक महिने लपला असता आणि भांडण शेजाऱ्या-शेजाऱ्यात लागलं असतं.

मग दहाच्या नाण्यानं टाइल्स वाजवल्या. खाली मसाला नीट भरलेला असेल तर आवाज ठाम येतो, पोकळ असेल तर डबडब येतो. अशी टाइल जड कपाट सरकवताना फुटते. बेडरूममध्ये नऊ टाइल्स पोकळ निघाल्या, त्यांवर खडूनं फुल्या मारल्या. गॅलरीच्या भिंतीला खालून पांढरी पावडर सुटली होती, म्हणजे लोणा. खारपाणपट्ट्यात बोअरचं खारं पाणी बांधकामाला वापरलं की असं होऊ शकतं. नुसता रंग मारून ते थांबत नाही, म्हणून यादीत "रंग द्या" असं न लिहिता "कारण शोधून दुरुस्त करा" असं लिहिलं.

यादी लिहायची रीतही महत्त्वाची. "टाइल्स खराब" असं लिहिलं तर चार बदलून मोकळे होतात. "बेडरूम, खिडकीकडून तिसरी रांग, दुसरी टाइल पोकळ" असं लिहा आणि सोबत फोटो लावा. दोन प्रती काढा. आपल्या प्रतीवर बिल्डरची तारखेसह पोच घ्या. पोच देत नसतील तर तीच यादी स्पीड पोस्टानं पाठवा. गुरुजींनी पावतीवर त्या छापील ओळीऐवजी लिहिलं, "सोबतच्या यादीतील दोष वगळून."

कायदा काय म्हणतो? रेराच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांत दोष कळवला तर बिल्डरनं ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा. म्हणजे पावसाळ्यात निघालेली गळतीही कळवता येते. पण मग "तुम्हीच नळाचं काम करताना फोडलं" हे ऐकावं लागतं. ताब्याच्या दिवशीची यादी ते तोंड बंद करते.

आणि आपल्या गावांतली खरी अडचण वेगळीच आहे. प्लॉट ५०० चौरस मीटरपर्यंतचा असेल किंवा फ्लॅट आठपर्यंतच असतील, तर रेराकडे नोंदणी सक्तीची नाही. आपल्या कॉलन्यांमधले सहा-आठ फ्लॅटचे अपार्टमेंट नेमके यातच बसतात. तिथं १९६३ चा मोफा कायदा (दोष कळवायला ३ वर्षं) आणि ग्राहक आयोग हेच आधार. दोन्हीकडे पहिला प्रश्न येणार, लेखी कधी कळवलं?

गुरुजींचा मुहूर्त हुकला. पाइपभोवती पुन्हा वॉटरप्रूफिंग झालं, पुन्हा पाणी भरून पाहिलं, मग सही. वहिनी आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. ऑगस्टात मात्र फोन आला, "भाऊ, चहाले या."

माझं म्हणणं एवढंच आहे, दोषांची यादी जोडल्याशिवाय ताबा पावती ग्राह्यच धरू नये असा नियम सरकारनं करावा, आठ फ्लॅटच्या इमारतींनाही. तोवर मुहूर्त चाव्या घेण्याचा नाही, पाणी भरायचा काढा.