लिस्टमध्ये बरोबरी, मस्टरमध्ये नाही

वॉर्डात नवी ड्यूटी लिस्ट लागली की प्रत्येक सिस्टर आधी स्वतःचं नाव शोधते आणि लगेच दुसरं एक नाव. हे दुसरं नाव प्रत्येक वॉर्डात ठरलेलं असतं. ‘तिला बरोबर रविवार सुट्टी येते’, ‘तिला नाईट लागतच नाही’ ही वाक्यं बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही सरकारी दवाखान्याच्या चेंजिंग रूममध्ये ऐकायला मिळतील. इन्चार्ज सिस्टरचं उत्तरही ठरलेलं असतं: ‘मी सगळ्यांना सारखंच लावते.’ मजा अशी की दोघीही खोटं बोलत नसतात.

माझ्या ओळखीच्या एक परिसेविका आहेत. गाव आणि दवाखाना सांगत नाही. एका दुपारी त्यांनी वॉर्डातली कटकट सांगता सांगता लिस्टचा गठ्ठाच माझ्यापुढे टाकला. म्हणाल्या, ‘भाऊ, मोजून दाखवा, कुठं अन्याय केला ते.’ मोजलं तर लिस्टमध्ये खरंच काही सापडलं नाही. मग मी मस्टर मागितलं. लिस्ट म्हणजे काय ठरलं होतं ते. मस्टर म्हणजे प्रत्यक्ष कोण आलं ते. या दोन कागदांत जे अंतर असतं, त्यातच बहुतेक भांडणं असतात.

त्यांच्या वॉर्डाचे आकडे चव्हाट्यावर मांडत नाही. त्याऐवजी तसाच एक वॉर्ड मनाशी धरू. आठ अधिपरिचारिका. सकाळपाळीला दोन-तीन, दुपारपाळीला एक, नाईटला एक. काळ १ जुलै ते ३१ डिसेंबर २०२४. दिवस १८४, म्हणजे नाईटही १८४. आठांनी भागलं की प्रत्येकीला २३. इथवर कुणीही येतं आणि इथंच पहिली चूक होते.

कारण या आठांपैकी एक दोन महिने बालसंगोपन रजेवर होती. ती चारच महिने हजर. तिला २३ची मोजपट्टी लावायची कशी? म्हणून माणसं न मोजता माणसांचे हजर महिने मोजायचे. सात जणींचे सहा-सहा म्हणजे ४२, आणि हिचे ४. एकूण ४६. आता १८४ला ४६नं भागा. महिन्याला चार नाईट. पूर्ण सहा महिने असणारीचा वाटा २४, चार महिने असणारीचा १६.

आता मस्टर उघडू. आठ जणींच्या प्रत्यक्ष नाईट निघतात २४, २५, ३१, १९, १७, २३, २४ आणि २१. यातली १९वाली रजेवरून आलेली. नुसता आकडा पाहिला तर ती सुटलेली दिसते, आणि वॉर्डात तिला तसंच ऐकवलंही जातं: ‘दोन महिने घरी होती, वर नाईटही कमी.’ पण तिचा वाटा १६चा. म्हणजे तिनं तीन जास्त केल्यात. २१वाली मात्र तिच्याहून दोन जास्त करूनही आपल्या वाट्यापेक्षा तीननं मागं आहे. कच्चा आकडा दोघींबद्दल नेमकं उलटं सांगतो.

मग दोन टोकं उरतात. एक ३१, एक १७. मधे चौदा नाईटचं अंतर. पण भांडायला उठण्याआधी एक गोष्ट पाहायला हवी. नाईट सुटी-सुटी लागत नाही. सलग सहा-सात लागतात, मग नाईट ऑफ. म्हणून आकडा एकेकानं वाढत नाही, फेरीनं उडी मारतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एखादीची फेरी सुरू झाली तर तिचा आकडा वाढलेला दिसेल. तीच फेरी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गेली तर कमी दिसेल. अन्याय ना तेव्हा झाला ना आता. आपण कॅलेंडर कुठं कापलं, एवढाच फरक. एका महिन्याचा हिशेब तर पूर्ण फसवा. महिन्यात एकेकीच्या वाट्याला चारच नाईट, आणि फेरी मात्र सहाची. त्यामुळं दर महिन्याला दोघी-तिघींच्या नावापुढं शून्य येणारच. आणि नेमक्या त्या महिन्याची लिस्ट दाखवून कुणीतरी मेट्रनकडं जाणारच. सहा महिन्यांच्या आतला हिशेब मी ऐकूनही घेणार नाही, आणि सहा महिन्यांतही एका फेरीच्या आतल्या फरकावर वाद घालणार नाही.

३१चं मात्र वेगळं आहे. लिस्टमध्ये तिला २४च लागल्या होत्या. उरलेल्या सात कुठून आल्या ते मस्टरमधल्या खाडाखोडीवरून कळतं. कुणाला संध्याकाळी ताप आला, कुणाच्या सासूबाई पडल्या, कुणाची एसटी घाटात अडकली. आणि प्रत्येक वेळी फोन तिलाच गेला. का? तर ती क्वार्टरमध्ये राहते. लग्न व्हायचंय. नवीन आहे, नाही म्हणत नाही. इन्चार्जच्या मनात काही वाईट नसतं. रात्री आठ वाजता वॉर्ड उघडा पडू नये, एवढंच तिला पाहायचं असतं, आणि जवळचा दरवाजा ठोठावणं माणसाला सोपं जातं. पण सहा महिन्यांत एक अख्खी फेरी अशी फोनवरून एकाच मुलीच्या अंगावर पडते. लिस्टमध्ये तिचा मागमूस नसतो.

म्हणून मस्टरवरून मोजताना नुसती रेघ ओढून भागत नाही. ती नाईट कशी आली याची एका अक्षराची खूण हवी. लिस्टप्रमाणे लागली तर ‘ल’. दोघींनी आपसात बदलली तर ‘ब’. फोन करून बोलावलं तर ‘फ’. वहीच्या एका पानावर आठ नावं, प्रत्येकीपुढं रेघा, आणि वर ही बारकी अक्षरं. महिनाअखेरीला अर्ध्या तासाचं काम आहे.

‘ब’ का हवा, ते १७वालीकडं पाहिलं की कळतं. वॉर्डाच्या लेखी ती सगळ्यांत लाडकी. पण दुसरा रकाना मोजा. या सहा महिन्यांत २६ रविवार आले. रविवारी सकाळी दोन, दुपारी एक, अशा ७८ दिवसपाळ्या. ४६ हजर महिन्यांवर वाटल्या तर पूर्ण काळ असणारीच्या वाट्याला दहाच्या आसपास येतात. हिनं पंधरा केल्या. घरी लहान लेकरू आहे, रात्री राहता येत नाही, म्हणून तिनं स्वतःहून रविवार घेऊन नाईट दिल्या. हा व्यवहार झाला, त्याला मेहेरबानी म्हणता येत नाही. पण नाईट सगळ्यांना दिसते, आणि तिचे रविवार फक्त तिच्या घरच्यांना.

एका नाईटला किती रविवार, हा भाव कुणी ठरवायचा? काही ठिकाणी नाईटला दोन गुण, रविवारला एक, असं करून सगळ्याची एकच बेरीज काढतात. मला ते पटत नाही. निदान सुरुवातीला तरी नाही. भाव माणसागणिक बदलतो. आपल्याकडं अपडाऊन करणाऱ्या सिस्टर पुष्कळ. दुपारपाळी रात्री आठला सुटते तेव्हा गावाकडची शेवटची गाडी निघून गेलेली असते. रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगावच्या पट्ट्यात. घाटावरच्या बुलढाणा, चिखली, मेहकरला एसटीशिवाय काय आहे? अशा बाईला नाईट परवडते. सकाळच्या गाडीनं ती घरी जाते. तिला दुपारपाळी नको असते, आणि दुपारपाळी कुणी मोजतच नाही. एसटीतही हेच आहे. तिथल्या कंडक्टरला नाईट विचारू नका, मुक्कामी गाड्या किती केल्या ते विचारा. म्हणून मोजायला बसण्याआधी वॉर्डातल्या आठ जणींना विचारायचं: तुम्हाला नकोशी ड्यूटी कोणती? जी दोन-तीन नावं येतील तेवढेच रकाने आखायचे आणि ते वेगवेगळेच ठेवायचे.

शनिवारच्या नाईटचंही आधीच ठरवून टाका. ती कागदावर शनिवारची असते, पण खाते रविवार. सकाळी सुटलेली बाई दुपारपर्यंत झोपते, कसला रविवार? माझं मत विचाराल तर ती दोन्ही रकान्यांत मांडावी. आपल्या धरलेल्या हिशेबात मी ती फक्त नाईटमध्ये घेतली आहे, म्हणून सांगून ठेवतो.

आता सण. इथं हिशेब सगळ्यांत नाजूक होतो. राज्याच्या सुट्ट्यांच्या यादीवर मोजणं सोपं. १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, दसरा, लक्ष्मीपूजन. पण २ ऑक्टोबरला ड्यूटी लागली म्हणून रडलेली सिस्टर मी पाहिली नाही. आपल्याकडं रडू येतं ते महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी. २०२४ साली तो ११ सप्टेंबरला, बुधवारी आला. राज्याच्या यादीत त्याला जागा नाही. २ सप्टेंबरचा पोळाही तसाच. आणि शेगावला ऋषिपंचमीला, गजानन महाराजांच्या पुण्यतिथीला, तिथल्या दवाखान्याला सुट्टी नव्हे, उलट जास्त माणसं लागतात. त्या वर्षी ती ८ सप्टेंबरला, रविवारीच आली. सण आणि रविवार एकत्र आले तर सणात मोजा, दोनदा नको.

प्रत्येकीनं वर्षाच्या सुरुवातीला आपले चार दिवस लिहून द्यावेत, हे मला सर्वांत सरळ वाटतं. कुणाची ईद असेल, कुणाची दिवाळी, कुणाची १४ एप्रिल, कुणाचा ६ डिसेंबर. मोजायचं ते एवढंच की तिच्या चारांपैकी किती दिवशी ती वॉर्डात होती. गंमत म्हणजे अशा याद्या समोर ठेवल्या की अर्धी अदलाबदल इन्चार्जला विचारावीही लागत नाही. दिवाळीला ही थांबते, ईदला ती.

पण सणांना सहा महिने पुरत नाहीत, हे लक्षात ठेवावं लागेल. लक्ष्मीपूजनाची रात्र वर्षातून एकदा. नाईटला एक, वॉर्डात आठ. प्रत्येकीची पाळी एकदा यायला आठ वर्षं. एका वर्षाच्या आकड्यावरून कुणालाच काही म्हणता येत नाही; सलग दोन दिवाळ्या एकीच्या वाट्याला आल्या तरच बोलायला जागा आहे. त्यासाठी मागची वही हवी. आणि इन्चार्जची बदली झाली की ती वही कुठं जाते, ते कुणालाच ठाऊक नसतं. नवीन बाई कोऱ्या पानावर सुरुवात करतात, आणि ज्या मुलीनं गेल्या दिवाळीला सलाईनच्या बाटल्या बदलल्या तिला यंदा सांगतात, ‘अगं, कुणीतरी करायलाच हवं ना.’

माझ्या ओळखीच्या त्या परिसेविकांनी मस्टर मिटलं तेव्हा त्या जरा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘आता फोन करायच्या आधी पान बघीन.’ त्यांनी वॉर्डातल्या भिंतीवर लिस्टच्या शेजारी दुसरा कागद लावलाय. त्यावर ‘फ’ कुणाचे किती एवढंच असतं. बाकीचे रकाने वहीत.

जिल्ह्यातल्या इन्चार्ज सिस्टरांना माझी एवढीच विनंती: पुढची दिवाळीची लिस्ट लावायच्या आधी मागच्या दोन दिवाळ्यांची पानं शोधा, आणि बदली झाली तर किल्ल्यांच्या जुडग्यासोबत ती वहीही सही घेऊन सोपवा.