परताव्याच्या व्याजाचे हरवलेले महिने

परताव्यावरील व्याजाबद्दल वाचकांची पत्रे पुन्हा वाढली आहेत. बहुतेकांची तक्रार एकच आहे: व्याज इंटिमेशनच्या महिन्यापर्यंत मोजले जाते, पैसे मात्र त्यानंतर बऱ्याच काळाने खात्यात येतात.

एक हिशेब मांडून पाहू. कर निर्धारण वर्ष 2024-25. देय कर 1,80,000 रुपये, टीडीएस 2,28,650, म्हणजे परतावा 48,650. विवरणपत्र 31 जुलैच्या आत भरलेले. परतावा कराच्या दहा टक्क्यांहून अधिक असल्याने कलम 244अ नुसार 1 एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का व्याज लागू होते. नियम 119अ प्रमाणे शंभराखालची रक्कम सोडली की 48,600 उरतात, म्हणजे महिन्याला 243 रुपये. इंटिमेशन 28 नोव्हेंबरची, म्हणून आठ महिन्यांचे 1,944. पैसे जमा झाले 9 जानेवारीला. अपुरा महिनाही पूर्ण धरायचा, म्हणजे दहा महिने आणि 2,430 रुपये. फरक 486 रुपयांचा.

कायद्यात व्याज परतावा दिल्याच्या तारखेपर्यंत आहे. इंटिमेशन निघाली म्हणजे परतावा दिला, हे आम्हाला मान्य नाही. पैसे करदात्याच्या हाती पडत नाहीत तोवर सरकार ते वापरतच असते. आपल्या अशिलाने आगाऊ करात कसूर केली, तर कलम 234ब खाली याच विभागाला दरमहा एक टक्का हवा असतो आणि तिथेही अपुरा महिना पूर्णच धरला जातो. मग स्वतः देताना महिने गाळणे हा उघड अन्याय आहे.

करदात्यामुळे झालेला विलंब वगळायची तरतूद कायद्यातच आहे. त्यामुळे बँक खाते पूर्वप्रमाणित नसल्याने परतावा अडकला असेल, तर ही तक्रार टिकणार नाही. विवरणपत्र मुदतीनंतर भरले असेल, तर व्याज एप्रिलपासून मिळतच नाही, ते भरल्याच्या तारखेपासून सुरू होते.

आणि आपल्यापैकी किती जण इंटिमेशनमधला व्याजाचा रकाना तपासतात? परतावा आला की फाइल बंद होते. मिळालेले व्याज ‘इतर उत्पन्नात’ दाखवायलाही काही जण विसरतात आणि वार्षिक माहिती विवरणातली तफावत पुढच्या वर्षी अशिलाच्या अंगावर येते.

म्हणून यापुढे प्रत्येक परताव्यात इंटिमेशनची आणि बँकेत जमा झाल्याची, अशा दोन्ही तारखा लिहून ठेवा. मध्ये महिना उलटला असेल तर कलम 154 खाली दुरुस्तीचा अर्ज करा, त्याला आदेशाच्या आर्थिक वर्षाअखेरीपासून चार वर्षांची मुदत आहे. अर्ज फेटाळला गेला तर तो आदेश, अशिलाचे नाव झाकून, आमच्याकडे पाठवा. असे आदेश एकत्र करून आम्ही केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाला निवेदन देणार आहोत.