यांत्रिक भाषांतर आणि फवारणीतील ‘नकार’

थंडी पडून हापूसला मोहोर येऊ लागला, की रत्नागिरीच्या मांडवी भागातील बागाईतदाराचे लक्ष तुडतुड्यांकडे लागते. औषधाविषयीची इंग्रजी माहिती तो आता यंत्राकडून क्षणार्धात मराठीत करून घेऊ शकतो. ही सोय उपयुक्त आहे; परंतु नकारार्थी वाक्यात ती दगा देऊ शकते.

समजा, मूळ सूचना अशी आहे : ‘डू नॉट स्प्रे अनलेस हॉपर्स आर सीन.’ हिचे योग्य मराठी ‘तुडतुडे दिसल्याशिवाय फवारणी करू नये’ असे होईल. ‘अनलेस’ या शब्दातील नकार ‘शिवाय’ या शब्दात आलेलाच आहे. यंत्राने त्याला आणखी एक ‘न’ जोडून ‘तुडतुडे न दिसल्याशिवाय फवारणी करू नये’ असे लिहिले, तर अर्थ उलटतो. कीड दिसली असता बागाईतदार स्वस्थ बसेल आणि तुडतुडे मोहोरातील रस शोषून तो गाळतील. कीड नसता मात्र तो फवारील. त्यात खर्च वाया जाऊन परागीकरण करणाऱ्या माश्याही मरतील.

याउलट एखादा नकार गळूनही पडतो. ‘डू नॉट फेल टू वेअर ग्लव्ह्ज’ म्हणजे ‘हातमोजे घातल्यावाचून राहू नये’. ‘फेल’मधील नकार सुटला, की ‘हातमोजे घालू नयेत’ असा घातक उपदेश तयार होतो.

याचे कारण असे की, यंत्र पूर्वीच्या असंख्य वाक्यांवरून संभाव्य शब्द निवडते. बागेत काय घडेल, हे ते पडताळून पाहत नाही. शिवाय इंग्रजीत नकार क्रियापदाच्या आधी येतो, तर मराठीत तो बहुधा वाक्याच्या शेवटी जातो. चुकीचे वाक्यही सफाईदार असल्याने शंका येत नाही.

केवळ नकार मोजून ही चूक सापडेलच असे नाही. ‘फवारा वाळेपर्यंत बागेत जाऊ नये’ आणि ‘फवारा वाळत नाही तोपर्यंत बागेत जाऊ नये’ या दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच, पण दुसऱ्यात एक नकार अधिक आहे. म्हणून मूळ इंग्रजी न पाहिलेल्या माणसास मराठी वाक्य वाचावयास देऊन दोन प्रश्न विचारावेत : तुडतुडे दिसले तर काय करावे? न दिसले तर काय करावे? दोन्ही उत्तरे मुळाशी जुळली, तरच ते वाक्य स्वीकारावे.

त्याहून बरे म्हणजे सूचना मुळातच सरळ लिहावी : ‘तुडतुडे दिसले तरच फवारावे.’ ज्यांच्याकडून अशी पत्रके निघतात, त्यांनी यंत्राची मदत जरूर घ्यावी. परंतु प्रत्येक नकार जाणत्या माणसाने तपासल्यावाचून एकही पत्रक शेतकऱ्याच्या हाती देऊ नये.