१६ए हातात आला म्हणजे व्याजाचा हिशेब झाला असं नाही

समजा, भिवंडीतल्या एका यंत्रमागवाल्याची बँकेत एफडी आहे. २०२५-२६ मध्ये तिच्यावर ७२,००० रुपये व्याज झालं. व्याज ५०,००० च्या वर गेलं म्हणून बँकेने १० टक्के, म्हणजे ७,२०० रुपये टीडीएस कापला आणि खात्यात ६४,८०० जमा केले. पासबुक बघून तो रिटर्नमध्ये ६४,८०० च दाखवतो. इथेच चूक होते. कापलेला टॅक्स हेही त्याचंच उत्पन्न आहे. म्हणून उत्पन्न ७२,००० दाखवायचं आणि ७,२०० भरलेला टॅक्स म्हणून वजा मागायचे.

दुसरी गोष्ट, बचत खात्यावर ३,१०० रुपये व्याज मिळालं असेल तर ते फॉर्म १६ए मध्ये दिसणारच नाही, कारण त्यावर टीडीएस कापत नाहीत. पण एआयएसमध्ये ते येऊ शकतं.

माझं मत स्पष्ट आहे: सुरुवात १६ए पासून करूच नका. आधी बँकेकडून वर्षाचं व्याज प्रमाणपत्र घ्या, त्यावरून उत्पन्न लिहा. १६ए आणि २६एएस फक्त कापलेला टॅक्स जुळवायला वापरा. २६एएसमध्ये ७,२०० दिसत नसतील, तर बँकेने पॅन बरोबर टाकलाय का ते विचारा आणि दुरुस्ती करून घ्या. मगच रिटर्न भरा.