पाचावर तीन रेघा

दिवाळी अंकाच्या संपादकीयात कागदाचे वाढलेले भाव आणि लेखकमंडळींची दिरंगाई यांचा उल्लेख करण्याची जी रूढी आहे, तिला यंदा फाटा देऊन आम्ही आमच्याच कार्यालयातील एका चुकीचा कबुलीजबाब येथे नोंदवीत आहोत. चूक नेमकी एका तासाची होती, आणि तिचा उगम शोधू जाता तो आपल्या भाषेच्या एका जुन्या, डौलदार वळणापाशी सापडला.

गतवर्षीच्या अंकाचे प्रकाशन नगरास (दफ्तरी आता अहिल्यानगर, बोलण्यात अद्याप नगरच) व्हावयाचे होते. पारनेरकडचे एक वयोवृद्ध, निवृत्त गुरुजी प्रमुख पाहुणे म्हणून येण्यास राजी झाले आणि दूरध्वनीवर म्हणाले, "पावणेसहाला सुरुवात ठेवा, म्हणजे मला परतीची एसटी गाठता येईल." नोंद घेणारा आमचा तरुण सहकारी मोठा चलाख, त्याने 'सहा' ऐकले, 'पावणे' म्हणजे पंचेचाळीस हे त्याला ठाऊक होते, आणि त्याने तत्परतेने ६.४५ असे लिहून निमंत्रणपत्रिका छापावयास धाडल्या. गुरुजी पाच वाजून चाळीस मिनिटांनी सभागृहाच्या कुलूपबंद दारापाशी येऊन पायरीवर बसले, आणि आम्ही सव्वासहाला सतरंज्या घेऊन पोहोचलो तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "अहो संपादक, तुमच्याकडे पावणेसहा सहाच्या नंतर वाजतात काय?"

गुरुजींच्या त्या प्रश्नात सगळे व्याकरण आले. सव्वा हा शब्द संस्कृत 'सपाद' यावरून आला, म्हणजे पावासहित. साडे हा 'सार्ध' यावरून, म्हणजे अर्ध्यासहित. हे दोघे आकड्याला जोडतात, त्यामुळे सव्वापाच ऐकून ५.१५ आणि साडेपाच ऐकून ५.३० लिहिणाऱ्याचा हात चुकत नाही, कारण कानाने ऐकलेला पाच तोच कागदावर उतरतो. पावणे मात्र 'पादोन', म्हणजे पावाने ऊन, उणा. तो पुढच्या आकड्याकडे बोट दाखवून मागे उभा राहतो. पावणेसहा म्हणताना मुखात सहा असतो आणि घड्याळाचा तासकाटा अजून पाचाच्या घरातून बाहेर पडलेला नसतो. म्हणून लिहिताना उच्चारलेल्या आकड्यातून एक वजा करावा आणि मग पंचेचाळीस मांडावेत; आणि लिहून झाल्यावर, ही आमची शिकलेली शहाणीव, ते मोठ्याने वाचावे. ६.४५ हे त्या मुलाने एकदा तोंडाने वाचले असते तर जिभेवर आपोआप 'पावणेसात' आले असते, आणि चूक तेथेच उघडी पडली असती.

जुन्या लेखनात ही फट नव्हती असे नाही, परंतु ती डोळ्यांना दिसत असे. रोजकीर्दीत आणि जुन्या छापील पत्रकांत पावासाठी एक उभी रेघ, अर्ध्यासाठी दोन आणि पाऊणासाठी तीन रेघा आकड्यापुढे काढीत, ५। म्हणजे सव्वापाच, ५॥ म्हणजे साडेपाच आणि ५॥। म्हणजे पावणेसहा. सभा 'सायंकाळी ५॥ वाजतां' भरत, आणि त्याच रेघांनी पाच रुपये बारा आणेही ५॥। असे लिहिले जात, कारण बारा आणे म्हणजे रुपयाचा पाऊण हिस्सा. कारकुनाचा डोळा पाच पाही आणि तोंड सहा म्हणे, हा व्यायाम त्याला रोज घडे. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी चालू झाली, आणे गेले, आणि त्यांच्यामागून हिशेबाच्या वहीतील रेघाही हळूहळू गेल्या. घड्याळाच्या वेळेत त्यांची जागा एका टिंबाने घेतली.

ते टिंब दिसते दशांशाचे, वागते मात्र तासामिनिटांचे, आणि आमच्या मते खरा घोटाळा येथे आहे. ट्रॅक्टरच्या भाड्याचा हिशेब पाहा. एका शेतावर सव्वाचार तास नांगरट झाली, दुसऱ्यावर पावणेतीन तास. वहीत ४.१५ आणि २.४५ असे मांडून गणकयंत्रावर बेरीज केली की उत्तर ६.६० येते, आणि कोणी त्यास सहा तास साठ मिनिटे न समजता सहा पूर्णांक सहा दशांश तास समजला, तर ट्रॅक्टरवाल्याचे चोवीस मिनिटांचे भाडे बुडते. तीच बेरीज खेड्यातील निरक्षर माणूस तोंडाने करतो: चार आणि दोन सहा, पाव आणि पाऊण मिळून एक, झाले सात. रेघांनी मांडली तरी ४। आणि २॥। यांतील चार रेघा मिळून एक पूर्ण होतो व सातच येतात. यंत्राला हवे असतील तर ४.२५ आणि २.७५ लिहावेत, पण मग ते तासांचे परिमाण झाले, घड्याळाची वेळ नव्हे, आणि दोन्ही एकाच रकान्यात नांदवू नयेत. साडेचार वजनात ४.५०० किलो असतात आणि वेळेत ४.३०, ऐकणाऱ्यास शब्द एकच, लिहिणाऱ्यास आकडे दोन.

या पद्धतीत अपवादही मौजेचे आहेत. साडेएक आणि साडेदोन कोणी म्हणत नाही, कारण त्या जागा दीड आणि अडीच यांनी फार पूर्वीच अडविल्या. अडीच हा 'अर्धतृतीय', म्हणजे तिसरा अर्धा, याच घडणीतून आला, आणि जर्मन मनुष्य आजही अडीच वाजता 'अर्धे तीन' वाजले असेच म्हणतो. १.१५ ला 'सव्वा वाजला' एवढेच पुरते, त्यात एक सांगावा लागत नाही. आणि १२.४५ ला जेव्हा आपण 'पाऊण वाजला' म्हणतो, तेव्हा बारा हा आकडा आपण नकळत शून्य मानलेला असतो, जसे रेल्वेचे वेळापत्रक मध्यरात्रीनंतरची तीच वेळ ००.४५ अशी लिहिते. तरीही त्याआधीच्या अर्ध्या तासात सव्वाबारा आणि साडेबारा म्हणताना बारांना आपण बाराच मानतो. रात्रीच्या पाऊण वाजण्याविषयी मात्र एक सावधगिरी हवी: मंगळवारी रात्री पाऊण वाजता म्हणणाऱ्याचा वार सूर्योदयापर्यंत चालतो, आणि घड्याळाने व तिकिटाने तोवर बुधवार लावलेला असतो.

आता एक नगरी गोष्ट सांगून आम्ही आवरते घेतो. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची आहे आणि नगर सुमारे पावणेपंच्याहत्तरावर (रेखांशालाही पावणे चालते!), म्हणजे पावणेआठ अंश पश्चिमेस, अंशाला चार मिनिटे धरली की सूर्य येथे सरासरी एकतीस मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. परंतु पृथ्वीच्या कक्षेची लंबवर्तुळाकृती आणि तिच्या आसाचा कल यांमुळे सूर्य वर्षभर घड्याळाशी एकवाक्यता ठेवीत नाही. नोव्हेंबरच्या आरंभी तो सरासरीच्या सुमारे सोळा मिनिटे पुढे असतो आणि फेब्रुवारीच्या मध्याकडे सुमारे चौदा मिनिटे मागे. अंगणात एक सरळ काठी रोवून तिची सावली सर्वांत आखूड केव्हा होते ते पाहावे. हा अंक वाचकांच्या हाती असेल त्या दिवसांत नगरात खरी मध्यान्ह सव्वाबाराला होईल, नाताळाच्या दिवशी ती साडेबाराला येईल, आणि फेब्रुवारीत, ज्वारी हुरड्याला आली असताना, पाऊण वाजेल तेव्हा.